फाटा सोडून स्टँडवर

साताऱ्यात रेल्वेनं पहिल्यांदा उतरलेला माणूस फलाटाबाहेर येतो आणि विचारतो, सातारा कुठं आहे. मी म्हणायची, आहे तिकडं, पाच-सहा किलोमीटरवर. स्टेशन माहुलीच्या अंगाला, नदीच्या अलीकडं, आणि एसटी स्टँड पार गावाच्या पोटात. दोन्हींच्या मधे थेट एसटी नाही. कोरेगावकडनं साताऱ्याला येणाऱ्या एसट्या आमच्या फाट्यावरून जातात, पण स्टेशनात वळत नाहीत. ज्याला त्या धरायच्या त्यानं बॅगा उचलून फाट्यापर्यंत चालायचं, हात करायचा आणि गाडी भरलेली नसेल अशी आशा धरायची. नाहीतर आमची रिक्षा आहेच. सीटवर चालते, चारजण झाले की सुटते. आमच्याकडं त्याला वडाप म्हणतात.

नऊ वर्षं मी ही रिक्षा चालवते. आधी नवरा चालवायचा. त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि हँडल माझ्या हातात आलं. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू मुलूख, तिथल्या बायकांच्या तोंडाला मुळातच पाणी कमी. स्टेशनवरचे बाकीचे रिक्षावाले पहिले सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि नंतरची आठ-साडेआठ वर्षं माझ्याशी बोलायला बिचकले. पण कुणाची सीट पळवली नाही, कुणाला खोटं सांगितलं नाही. गाडी भरायला वेळ लागणार असेल तर लागणार म्हणून सांगायची. हे एवढं मी मिरवते, कारण पुढं काय झालं ते सांगायचं आहे.

त्या दिवशी दुपारी मी स्टँडच्या बाहेरून एक फौजी पोरगा आणला. चोवीस-पंचवीसचा. केस बारीक, काळी ट्रंक, पाठीला हिरवी पिशवी. सकाळीच मित्राच्या मोटरसायकलवरून घरून निघाला होता, साताऱ्यात बँकेचं काम उरकलं आणि आता पावणेसहाच्या गाडीनं निघणार होता. पुढं मनमाडला गाडी बदलून पठाणकोट. रिक्षात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बोलत होता. आई दारात हातावर दही घालते आणि तिथूनच मागं फिरते, कधी सोडायला येत नाही, असं म्हणाला. त्यांच्या घरात निघणाऱ्याच्या पाठीमागं आईनं उंबरा ओलांडायचा नसतो. माझ्या माहेरीही फौजी घरं आहेत, तिथंही असलंच काहीतरी असतं.

स्टेशनवर त्याला सोडलं आणि मी नंबराला लागले. आमच्यात नंबर असतो. जो आधी येईल तो पुढं, आणि गाडी आली की पहिल्या नंबराची रिक्षा आधी भरायची. त्या दिवशी माझा पहिला नंबर होता, म्हणजे पुढच्या गाडीच्या सीटा माझ्या. अर्ध्या तासानं पोरगा बाहेर आला. त्यानं ट्रंक उघडली, पिशवी उपसली, खिसे उलटे केले. मी विचारलं काय हरवलं. आयकार्ड आणि छुट्टीचा कागद. दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पाकिटात. कुठं राहिलं हे त्याला लगेच आठवलं, तेच जास्त वाईट होतं. निघायच्या आदल्या रात्री आई ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवते, हळदकुंकू लावते, सकाळी पाया पडून उचलायचं. या वेळी मित्रानं बाहेर हॉर्न वाजवला, यानं घाईत दही खाल्लं, पाया पडला आणि पाकीट देवापुढंच राहिलं.

मी म्हटलं, फोटो मागव. त्यानं मान हलवली. फौजी कोट्यातलं तिकीट, टीसी कार्ड मागणार, ते एक वेळ हातापाया पडून निभेल. पण छावणीच्या गेटवर फोटो चालत नाही. कार्ड घरी राहिलं म्हणजे तिथं हरवल्यासारखंच. आणि या गाडीनं गेला नाही तर पुढच्या चार दिवसांत रिझर्वेशन नव्हतं, म्हणजे हजर व्हायची तारीख गेली. त्याला नव्यानं काहीतरी कोर्स मिळणार होता, त्याच्यावर बढती होती. "साहेबासमोर उभं राहून काय सांगू मावशी, आईनं देवापुढं ठेवलं हुतं म्हणून?" एवढं तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मला अस्सा राग आला. त्याचा नाही, त्या मित्राच्या हॉर्नचा.

त्यानं घरी फोन लावला. भावजयीनं उचलला. भाऊ मोटरसायकल घेऊन कारखान्यावर गेलेला, बाप रानात, मोबाइल घरात टाकून. पाकीट होतं तिथंच. गावातून साताऱ्याला जाणारी एसटी दहा मिनिटांत सुटणार होती. मी म्हटलं, कंडक्टरकडं दे म्हणावं, रोज माणसं डबे पाठवतात, औषधं पाठवतात. तर पलीकडून आईचाच आवाज आला. सरकारी कागद परक्याच्या हातात द्यायची नाही म्हणाली. मी घेऊन येते. कुठं उतरू तेवढं सांगा.

पोराला काही सुचत नव्हतं. त्यानं फोन माझ्या हातात दिला. "तुमी सांगा मावशी."

आणि मी सांगितलं, स्टँडवर उतरा, मी रिक्षा घेऊन गेटाशी उभी राहते. खाकी शर्ट, बाई माणूस, लगेच ओळखाल. ती व्हय म्हणाली आणि फोन भावजयीच्या हातात देऊन पळाली. तिचा स्वतःचा मोबाइल नव्हता.

त्या पोराला मी एकदाही विचारलं नाही की तुझं गाव कुठल्या रस्त्याला. नऊ वर्षं स्टँडवरून स्टेशनला आणि स्टेशनवरून स्टँडला माणसं वाहिली. गावाकडनं एसटी येते ती स्टँडवर, माणूस उतरतं स्टँडवर, पार्सल मिळतं स्टँडवर. हे माझ्या हाडात बसलेलं. तोंडातून दुसरं काही निघालंच नसतं.

पोराला माझा फोन नंबर दिला आणि रांगेतला नंबर सोडला. मागच्यानं विचारलं, मोकळीच निघालीस व्हय. मी म्हटलं, तुझ्या सीटा वाढल्या, देवाचं नाव घे. पावणेपाच झाले होते. माहुलीचा पूल ओलांडला, हायवेच्या पुलाखालच्या चौकात उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या, त्यातून वाट काढली. दोन ठिकाणी माणसांनी हात केला, मी थांबले नाही. रिकामी रिक्षा न थांबता गेली की माणसं मागून काय म्हणतात ते मला पाठ आहे.

गावात शिरले आणि फोन वाजला. पोरगा होता. धापा टाकत होता, शब्द नीट लागत नव्हते. म्हणाला, "मावशी, आमची गाडी कोरेगाव रोडनंच येती. फाट्यावरनं. मी पळत आलो फाट्यावर, तर टपरीवाला म्हणतो आत्ताच गेली."

मी रिक्षा कडेला घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी किती जणांना ऐकवली असेल. त्या बाईला फाट्यावर उतरा म्हटलं असतं तर पाचच्या ठोक्याला ती पोरापाशी असती. कागद त्याच्या खिशात असता आणि गाडीला अजून पाऊण तास असता. आता ती पोराच्या अंगावरून जाऊन माझ्यामागं गावात येत होती, आणि मला तिला घेऊन तोच सगळा रस्ता उलटा कापायचा होता. पोराला म्हटलं, तू फलाटावर जा, कुठल्या डब्यात आहेस तेवढं सांग. त्यानं डबा सांगितला. मी म्हटलं, दारात उभा राहा, आत बसू नको. त्यानं हो म्हटलं. चूक कुणाची होती, हे तो बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

स्टँडच्या गेटाशी खासगी गाडीला उभं राहू देत नाहीत. दोनशे मीटरच्या आत थांबायचं नाही अशी पाटी लावलेली असते. आणि तिथल्या रिक्षावाल्यांचा त्यांचा थांबा आहे, स्टेशनची रिक्षा येऊन उभी राहिली की ते लगेच पुढं होतात. त्यातला एकजण आला आणि म्हणाला, ताई, इथनं सीट भरायची नाही. मी त्याला पहिल्यांदा जे बोलायचं ते बोलले आणि मग खरं काय ते सांगितलं. फौजी म्हटल्यावर तो मागं सरला. त्याचा भाऊ लेहला होता. उलट त्यानंच हवालदाराला सांगितलं की दोन मिनिटं उभी राहू द्या. मी आत पळाले, फलाटांवर शोधलं, चौकशीच्या खिडकीत विचारलं. गाडी अजून आली नव्हती. खिडकीतला माणूस म्हणाला, येईल, चौकात अडकली असेल. मला ठाऊक होतं कुठं अडकली असेल. मी त्याच दोन ट्रॉल्यांतून रिक्षा काढली होती, एसटी निघत नाही.

घड्याळात पाच वीस झाले, बावीस झाले. एसटी आत वळली तेव्हा मी चालत्या गाडीच्या दाराशी गेले. कंडक्टर ओरडला. मागच्या दांडीला धरून एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. पाकीट तिनं छातीशी असं धरलं होतं की मला विचारायलाच लागलं नाही. मी म्हटलं, आई, चला. उतरताना तिचा पाय लचकला, गुडघे धड नव्हते. मी तिचा दंड धरून गेटापर्यंत नेलं.

वाटेत एकदाच तिनं विचारलं, गाठ पडंल न्हवं. मी म्हटलं, पडेल. पुढच्या थांब्यावर एक म्हातारा जोडीनं बॅगा घेऊन उभा होता. तोही त्याच गाडीला चालला असणार, स्टेशन स्टेशन म्हणून ओरडत होता. मी थांबले नाही. अशा न थांबणाऱ्यांशी मी स्वतः किती भांडले आहे. तो म्हातारा आजही मला दिसतो. त्याला मागून कुणी घेतलं की नाही कोण जाणे.

हायवेखालचा चौक मोकळा होता, एवढं एक देवानं केलं. माहुलीच्या पुलावर आलो तेव्हा पाच चाळीस. फाट्याला वळताना मी मान वळवली नाही. स्टेशनच्या आवारात आलो आणि लाउडस्पीकरवर गाडीचं नाव ऐकू आलं, पलीकडच्या फलाटावर येते आहे म्हणून. नेमकं त्या दिवशी पलीकडच्या. म्हणजे जिना चढायचा, पूल ओलांडायचा, जिना उतरायचा.

बाईनं जिन्याकडं बघितलं. मग तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. सरकारी कागद परक्याच्या हातात न देणारी ती बाई. "तुमी पळा," म्हणाली. "माझ्यानं न्हाई हुयाचं. तुमी पळा."

मी पळाले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, साडीवर खाकी शर्ट घालून, दोन-दोन पायऱ्या. पुलावर होते तेव्हाच गाडी खालून आत येत होती. दोन-तीन मिनिटांच्या वर ती थांबत नाही. जिना उतरून डबा शोधला, चुकीच्या बाजूला पळाले, परत फिरले. तो दारात उभा होता, अर्धा बाहेर, दांडी धरून. माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि त्यानं डोळे मिटले. मी ते त्याच्या हातात दाबलं. त्यानं उघडून आधी कार्ड बघितलं, मग कागद, मग माझे पाय धरायला वाकायला लागला. गाडी हलली. मी म्हटलं, अरे वर हो. आणि मग म्हटलं, आई आलीय तुझी. पलीकडच्या फलाटावर आहे.

ते मी आधी म्हणायला हवं होतं. पण कागद आधी, कागद आधी, हेच डोक्यात. पोराला एक क्षण समजलं नाही. मग समजलं आणि तो आत पळाला, पलीकडच्या दाराकडं. माझ्यासमोरून एकेक डबा गेला. शेवटचा डबा गेला आणि मधे मोकळे रूळ राहिले. पलीकडच्या फलाटावर ती उभी होती, उजवा हात अजून वर, आणि गाडी गेली त्या दिशेनं तोंड.

मी जिना चढत होते तेव्हा त्याचा फोन आला. कानात गाडीचा आवाज. दाराशी सामान घेऊन माणसं बसली होती, ती उठेपर्यंत फलाट मागं गेला होता. त्याला काही दिसलं नव्हतं. "पण तुमी आईला सांगा, बघितलं म्हणून," तो म्हणाला. "तेवढं सांगा मावशी." मी हो म्हटलं.

खाली आले तर ती तिथंच होती. तिनं आधी विचारलं, दिलं न्हवं. मी म्हटलं दिलं, हातात दिलं, त्यानं उघडून बघितलं. ती खाली बसली, फलाटावरच. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "कुठल्या खिडकीत हुता मला काय ठावं. मी आपली सगळ्या गाडीला हात करत ऱ्हायले."

मी म्हटलं, त्याला तुम्ही दिसला की. आत्ताच फोन आला होता त्याचा. दाराशी आला होता, म्हणाला आईला बघितलं.

"वळखलं त्यानं मला?"

"ओळखलं. हिरवं लुगडं म्हणाला."

हे हिरवं लुगडं मी माझ्या पदरचं घातलं. मी, जी कधी कुणाला खोटं सांगत नाही. ते इतकं सहज आलं तोंडातून, की मला माझीच भीती वाटली. तिचा चेहरा मात्र उजळला. उंबरा वलांडून आले त्ये बरं झालं म्हणायचं, असं ती स्वतःशीच म्हणाली.

तिला चहा दिला. तोपर्यंत गाडीतून उतरलेली माणसं रिक्षांतून स्टँडकडं निघून गेली होती, आमचा थांबा मोकळा झाला होता. मागच्या नंबरानं माझ्या सीटा भरून नेल्या होत्या. तिला परत स्टँडवर न्यायचा प्रश्न नव्हता. कोरेगावकडं जाणारी एसटी फाट्यावरच मिळते. मी तिला रिक्षात घालून फाट्यावर आणलं. टपरीसमोर उभं राहिलो. अजून उजेड होता. तिनं रस्त्याकडं बघितलं, मग स्टेशनकडं बघितलं. तिथून स्टेशनचं छप्पर दिसतं.

"हितं थांबती व्हय गाडी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, थांबते.

ती म्हणाली, "मग येताना बी हितनंच आले आसंन मी."

मला वाटलं होतं तिला कळणार नाही. आयुष्यात कधी स्टेशनला न आलेली बाई, तिला काय कळणार, असं मी चहा पाजताना मनाशी धरून चालले होते. पण रोज भाकरी करून रानात जाणारी बाई, तिला वाट कळते. मी तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. स्टँडवर या म्हणून मीच सांगितलं. गाव कुठल्या रस्त्याला ते विचारलं नाही. तुम्ही इथं उतरला असता तर पाऊण तास पोरगा तुमच्यापाशी असता. चूक माझी आहे, आई. शिव्या द्या मला.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. एसटी लांबून दिसली, तशी तिनं पदर खोचला. माझ्या दंडावर हात ठेवला, हात खरबरीत होता आणि गरम होता.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "दिसली म्हणला न्हवं त्याला. बास झालं."

गाडी थांबली. मी तिला दार धरून वर चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, यांना बसायला जागा करून द्या.